चार चौकटी आणि सदतीस दुरुस्त्या

भावकू सरांनी गुन्हा केला तो पूर्ण शुद्धीवर असताना, भर सकाळी, अनगोळातल्या स्वतःच्या घरात, चष्मा दोनदा पुसून घेऊन. आणि करताना ते खुशीत होते, हे जास्त वाईट.

सुवर्णाच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांच्याकडं शुद्धलेखन तपासायला आलं होतं. सुवर्णा त्यांची जुनी विद्यार्थिनी. वडगावच्या विणकर घरातली, आता चाळिशी ओलांडलेली, निपाणीच्या एका कॉलेजात अतिथी प्राध्यापक म्हणून मराठी शिकवणारी. प्रबंधाचा विषय होता शहापूर-वडगावच्या विणकर बायकांची बोली. कागद देताना तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "सर, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा. अवतरणातल्या वाक्यांना हात लावू नका, ती त्या बायकांची आहेत."

"मी कशाला लावतोय," असं म्हणून सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

पहिल्याच पानावर एक वाक्य भेटलं : 'मी पहाटंपासनं कांड्या भरतो.' कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसणारी छोटी नळी, तिच्यावर आडवा धागा गुंडाळतात. घरोघरी हे काम बायकांचं. सर थांबले. 'पहाटंपासनं' त्यांनी तसंच ठेवलं, हे न्यायानं सांगायला हवं. ती बोली, तिचा मान राखावा, एवढं त्यांना कळत होतं. पण बाईमाणसानं 'भरतो' म्हणावं ही बोली नव्हे, ही चूक, असं त्यांचं चौतीस वर्षांच्या नोकरीत पक्कं झालेलं मत. आपल्या सीमाभागात सगळ्या बायका 'मी जातो, मी जेवलो' म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची स्वतःची बायको, मंगलबाई, चाळीस वर्षं त्यांच्यासमोर 'मी जेवलो' म्हणून ढेकर देत आली होती. तिच्यापुढं त्यांचं चाललं नाही. कागदापुढं चाललं. 'भरतो'वर एक बारीक लाल रेघ, वर 'भरते'. मग 'काढतो'चं 'काढते', 'उठतो'चं 'उठते'. तीन दिवसांत प्रकरण संपवून त्यांनी कागद टाईप करणाऱ्याकडं पोचवले. त्या आठवड्यात सुवर्णा निपाणीत परीक्षेच्या कामात अडकली होती. प्रबंध सादर करायची मुदत चार दिवसांवर आली होती. टाईप करणाऱ्यानं लाल दिसेल ते सगळं निमूटपणे घालून टाकलं. पाचवं प्रकरण आधीच तिच्या मार्गदर्शक बाईंकडं गेलं होतं, म्हणून ते लाल पेनातून सुटलं.

सर हे सगळं विसरूनही गेले. मदत केली की माणूस विसरतो, असं त्यांना वाटायचं.

दीड वर्षानं व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं, पत्र आलं. तारीख अठरा दिवसांवर. रविवारी सकाळी सुवर्णा सरांच्या घरी हजर. हातात प्रबंधाची काळी जाड प्रत, परीक्षकांचे दोन अहवाल आणि कोरे कागद.

"नीलम मॅडमनी सांगितलंय," ती म्हणाली. नीलम मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. "प्रत्येक प्रकरणाला एक पान. पानावर चार चौकटी. प्रश्न काय होता, कसा शोधला, काय सापडलं, आणि परीक्षक काय विचारतील. एका पानापेक्षा जास्त झालं तर समजायचं, आपल्यालाच प्रकरण कळलेलं नाही."

सरांना हे फार आवडलं. शाळेत वर्गाच्या भिंतीवर तक्ते लावायची त्यांना हौस होती. त्यांनी पट्टी आणली, पेन्सिल आणली, सहा पानांवर चोवीस चौकटी आखल्या, कोपऱ्यात फुलं काढायला लागले तेव्हा सुवर्णानं पेन्सिल काढून घेतली.

पहिल्या प्रकरणाचा प्रश्न सरांनी सांगितला तो असा : "सीमाभागातील वस्त्रोद्योगाशी निगडित स्त्रीजीवनाच्या भाषिक अभिव्यक्तीचा सर्वांगीण वेध."

"यात प्रश्न कुठाय, सर?"

"हा काय."

"याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन बघा."

सरांनी मनात देऊन बघितलं. बसेना.

तिनं लिहिलं : 'मागावर काम करणाऱ्या बाईची बोली घरातल्या पुरुषापेक्षा वेगळी आहे का, आणि असली तर कुठं?' सर म्हणाले, फारच साधं वाटतंय. ती म्हणाली, "व्हायवाला बसल्यावर घाम फुटतो. घामात सर्वांगीण वेध आठवत नाही, साधंच आठवतं."

असं ते काम चाललं. दुसरं प्रकरण आधीच्या संशोधनाचं, तिथं 'काय सापडलं' या चौकटीत तिनं सापडलेलं लिहिलं नाही, न सापडलेलं लिहिलं : 'शब्दांच्या याद्या पुष्कळ, पण बाई स्वतःबद्दल कशी बोलते हे कुणी मोजलेलं नाही.' तिसरं पद्धतीचं. बत्तीस निवेदक, म्हणजे ज्यांची बोली ध्वनिमुद्रित केली त्या बायका. पंचावन्नच्या वरच्या अकरा, मधल्या बारा, तिशीच्या आतल्या नऊ. प्रत्येकीचं बोलणं दोनदा मोबाईलवर घेतलेलं, एकदा घरात मागाजवळ फक्त सुवर्णा असताना, एकदा कुणी परकं, शिकलेलं माणूस समोर असताना. प्रत्येक चौकटीत तिनं आकडा लिहिला आणि आकड्यापुढं पान नंबर. "परीक्षक म्हणाले कुठं आहे, तर बोट ठेवता आलं पाहिजे. तिथं पानं चाळत बसलं की माणूस खोटं बोलतोय असं दिसतं."

चौथ्या चौकटीतले प्रश्न सर काढत होते. ते या कामात तरबेज. पेपर काढण्यात त्यांची हयात गेली होती. पण ते सगळे उत्तर ठाऊक असलेले प्रश्न काढायचे. सुवर्णानं नियम केला : तीन प्रश्न येणारे आणि एक प्रश्न ज्याची आपल्याला भीती वाटते तो. भीतीचा वर, बाकीचे खाली.

"आणि अहवालातले?" सरांनी विचारलं.

"ते सगळ्यात वर. त्यांनी लिहून दिलेत म्हणजे विचारणारच."

एका परीक्षकाचा अहवाल नुसता कौतुकाचा होता. दुसऱ्यांचे तीन मुद्दे होते, आणि व्हायवाला येणार होते तेच. पहिला मुद्दा, फक्त शहापूर-वडगावच का. दुसरा, निवेदक क्रमांक सात या संशोधिकेच्या आई, मग तटस्थता कशी राखली. तिसरा एका ओळीचा : 'चौथ्या प्रकरणातील उदाहरणांची भाषा काही ठिकाणी प्रमाण वाटते, खुलासा व्हावा.'

तिसऱ्याचं सुवर्णाला नीटसं उमगलं नव्हतं. तिला वाटलं, शब्दांबद्दल म्हणत असतील. चौथं प्रकरण मागाच्या शब्दांचं होतं. घरात धोटा म्हणायचं आणि कानडी मालकापुढं त्यालाच लाळी म्हणायचं, असे तीनशेबारा शब्द आणि त्यांच्या वापराची एकशेअठरा वाक्यं. तिनं पानावर एक उदाहरण तयार ठेवायचं म्हणून लिहिलं : पान ९८, निवेदक ७, 'मी पहाटंपासनं कांड्या भरते.'

सर पलीकडं पट्टी पुसत होते.

मग पाचवं प्रकरण. तिचं लाडकं. प्रश्न : वडगावची बाई स्वतःबद्दल बोलताना 'करतो' कधी म्हणते आणि 'करते' कधी? पद्धत : बत्तीस जणींची सगळी क्रियापदं मोजली. सापडलं ते असं की तिशीच्या आतल्या पोरी घरात 'करतो' म्हणतात आणि परकं माणूस आलं की 'करते'. पंचावन्नच्या वरच्या अकराही जणी, कुणीही समोर असो, एकदासुद्धा 'करते' म्हणत नाहीत. पान १४३. तिनं कंसात त्यांचे क्रमांक लिहिले : एक ते अकरा.

लिहून झाल्यावर तिनं चौथं आणि पाचवं पान जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलं. शाई वाळावी म्हणून. तिची नजर इकडून तिकडं गेली आणि परत इकडं आली.

"सर," ती म्हणाली, "आई 'भरते' कधी म्हणाली?"

सरांच्या हातातली पट्टी थांबली.

सुवर्णा प्रबंध उघडून चौथं प्रकरण चाळायला लागली. निवेदक तीन, 'काढते'. निवेदक नऊ, 'उठते'. निवेदक सात पुन्हा, 'बसते'. एकाच पुस्तकात, चाळीस पानांच्या अंतरावर, त्याच बाया दोन तऱ्हेनं बोलत होत्या. पाचवं प्रकरण म्हणत होतं, त्या कधीच असं म्हणत नाहीत, आणि चौथं म्हणत होतं, हे बघा म्हणाल्या. दीड वर्षांत तिनं ते प्रकरण तीनदा वाचलं होतं आणि तिला दिसलं नव्हतं. छापलेल्या पानावर बाई 'भरते'च म्हणते, याची डोळ्याला लहानपणापासून सवय.

"हेच विचारलंय त्यांनी," ती हळू म्हणाली. "वाक्यं खरी आहेत की घरात बसून रचलीत, असं विचारलंय. सभ्य भाषेत."

तिनं प्रबंध मिटला. मग म्हणाली, "मीच केलं असणार. उतरवून काढताना. आईच्या तोंडात मीच माझा शब्द घातला. इतकं शिकून हेच केलं मी."

सांगायची वेळ हीच होती. सरांनी घसा साफ केला. पण तोंडातून आलं ते भलतंच : "टाईप करणाऱ्याची चूक असेल. तसं सांगून टाकायचं."

"तो पोटासाठी टाईप करतो, सर. समोर असेल ते मारतो. त्याला काय पडलंय भरतो नि भरतेचं." तिनं कागद गोळा केले. चहा तसाच ठेवून ती गेली.

मंगलबाई आतून आल्या. "पोरगी चहा न पिता का गेली?"

"कामात होती."

"आणि तुमचं तोंड असं का झालंय?"

सरांनी सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा बायकोला सांगणं सोपं असेल असं वाटून सांगितलं, आणि चुकले. मंगलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं बोलतो ते सगळं चूकच म्हणा की मग," आणि सुवर्णाचा गार झालेला चहा स्वतः पिऊन टाकला.

सोमवारी दुपारी सर वडगावला गेले. गल्लीत शिरतानाच मागांचा खडखडाट कानावर आला. त्या आवाजात माणसं बोलतात कशी हे सरांना कधी कळलं नव्हतं. बोलतात, पण तोंड कानाशी नेऊन किंवा नुसत्या हातानं. सुवर्णाची आई, जयाबाई, मागच्या खोलीत कांड्यांच्या यंत्राशी बसलेल्या. वय बहात्तर, कमरेत वाक, बोटं मात्र धाग्यावर सोळा वर्षांची.

"या, या, सर. सुवर्णा अजून न्हाय आली. सहाला येती निपाणीस्नं. बसा. मी उठत न्हाय, धागा तुटतोय."

सर बसले. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, "कधीपासून बसलाय?"

"पहाटंपासनं भरतो की."

सरांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. कुठं वाचलं तेही आठवलं. कागदावर ते वाक्य निवेदक क्रमांक सातचं होतं. इथं ते एका बाईचं होतं, आणि तिच्या तोंडात ते इतकं घट्ट बसलं होतं की त्यातलं एक अक्षर हलवायचं म्हणजे बाईलाच पाटावरून उठवायला लागलं असतं.

"जयाबाई, तुम्ही 'भरते' असं कधी म्हणता का?"

जयाबाईंनी यंत्र थांबवलं नाही. "ते बाई लोक बोलत्यात. शाळंतल्या. आमी कशाला बोलतोय तसं?"

"लहानपणीसुद्धा नाही?"

"ल्हानपणी मी आईसंगं मागावर जायचो. तितं कोण सांगणार, आसं बोल नि तसं बोल. सुवर्णालाबी मी कदी न्हाय सांगितलं. तिला तुमीच सांगितलासा." तक्रार नव्हती. घडलं ते सांगायचं म्हणून सांगितलेलं.

सरांना सातवीतली सुवर्णा आठवली नाही. खूप प्रयत्न केला. वर्गात अशा पोरी पुष्कळ होत्या, आणि 'मी पाणी पिऊन येतो' म्हणालेल्या प्रत्येकीला त्यांनी उभं करून 'येते' म्हणायला लावलं होतं. सगळा वर्ग हसायचा, तेही हसायचे. ते शिकवणं होतं.

सव्वासहाला सुवर्णा आली. पिशवी दारातच टाकली. आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "आई, आलो गं. बसमदी लई गर्दी. संकेश्वरपर्यंत उभी." मग तिला सर दिसले, आणि तिचा आवाजच बदलला. "सर, तुम्ही कधी आलात? बसा, मी चहा ठेवते."

आधीही तिनं असंच केलं असणार, शंभर वेळा. सरांनी आज पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे तिच्या पाचव्या प्रकरणातलं ते परकं, शिकलेलं माणूस, ज्याच्यासमोर बाई 'करते' म्हणते, ते तीस वर्षं आपणच होतो.

"चहा नको," ते म्हणाले. "ते 'भरते' मी केलं. तू नाही. माझ्या पेनानं केलं. तू नको म्हणाली होतीस, तरी केलं."

सुवर्णा उभीच राहिली. मागं यंत्र चालूच होतं. जयाबाईंना ऐकू आलं की नाही कळलं नाही, त्यांनी नवी कांडी लावली.

"काल का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

ती खाली बसली. रागावेल, रडेल असं सरांना वाटलं होतं. तिच्या तोंडावर दिसलं ते वेगळंच होतं, सुटका झाल्यासारखं. "म्हणजे मी उतरवलं ते बरोबर होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग लगेच उठून कपाटातून पेनड्राईव्ह काढला. "परिशिष्ट दोनमध्ये मूळ उतारे आहेत. ते मी माझ्या फायलीवरनं छापलेत, ते तुमच्याकडं आले नव्हते. पण ते सगळे नाहीत. सगळी वाक्यं ध्वनिमुद्रणावरनंच तपासायला लागणार."

"सगळी म्हणजे?"

"एकशेअठरा."

पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, वडगावच्या त्या घरात, सर कानाला हेडफोन लावून बसले. सुवर्णानं एक तक्ता केला : पान, निवेदक क्रमांक, छापलेलं वाक्य, मुद्रणातलं वाक्य, फायलीचा नंबर, कितव्या मिनिटाला. ती मुद्रण लावणार, सर ऐकून लिहिणार, मग ती पुन्हा ऐकून खूण करणार. दोघांनी स्वतंत्र ऐकायचं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं न बघता. सरांना हा नियम जरा अपमानकारक वाटला, पण या घरात तक्रार करायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती.

'भरतो.' 'काढतो.' 'जातो बघा मी.' मागाच्या खडखडाटातून बाया बोलत होत्या, हसत होत्या, मधेच सुनेला हाक मारत होत्या. शिक्षा म्हणून पोरांना सरांनी दहा-दहा वेळा शब्द लिहायला लावले होते. आता त्यांनी 'भरतो' लिहिलं, मोजून अकरा वेळा, आणि जयाबाई मधून मधून विचारायच्या, "झालं का सरांचं लिवून?"

चौथ्या दिवशी एक तिशीच्या आतली मुलगी लागली, निवेदक एकोणतीस. तिच्या दुसऱ्या मुद्रणात, बँकेतल्या बाईंसमोर. सरांनी ऐकलं आणि उत्साहानं तक्त्यात लिहिलं, 'मी सुटीदिवशी मागाच्या फण्या साफ करतो.'

सुवर्णानं ऐकलं. मुद्रण मागं घेतलं. पुन्हा ऐकलं. "सर, ती 'करते' म्हणाली."

"पण बोलीत..."

"बोलीत काय म्हणतात ते नको. ती काय म्हणाली?"

सरांनी तिसऱ्यांदा ऐकलं. 'करते' होतं. स्वच्छ. आता ते उलट्या दिशेनं सुधारत सुटले होते.

"तुम्हाला दोन्ही वेळा बाईपेक्षा जास्त माहीत असतं," सुवर्णा म्हणाली. हसली नाही. सरांनी तो शब्द खोडून बरोबर केला आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

एकशेअठरांपैकी सदतीस वाक्यं बदललेली निघाली. नीलम मॅडमना तिनं तक्ता नेऊन दाखवला. मॅडमनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, व्हायवाच्या आधी परीक्षा समितीच्या अध्यक्षांकडं दुरुस्तीपत्रक लेखी द्यायचं, परीक्षकांच्या हातात ते पोचलं पाहिजे. चूक ते धरतील की नाही याची वाट बघायची नाही. त्यांनी ती धरली तर काय होईल, असं सुवर्णानं विचारलं. "अहवालातला शेरा बदलू शकतात. पुन्हा लिहून सादर करा म्हणू शकतात. म्हणजे सहा महिने तरी." निपाणीच्या कॉलेजात जूनपासून पीएच.डी. झालेल्यांना आधी घेणार होते, बाकीच्यांना जागा उरली तर. हे मॅडमनाही ठाऊक होतं.

चौथ्या प्रकरणाचं पान तिनं नव्यानं लिहिलं. सर समोर होते. भीतीचा प्रश्न सगळ्यात वर : 'उदाहरणांतली क्रियापदं प्रमाण का आहेत?' उत्तराच्या चार ओळी. काय झालं, कसं कळलं, कसं तपासलं, निष्कर्षावर काय परिणाम. शेवटच्या ओळीत : 'चौथ्याचा निष्कर्ष शब्दांबद्दल आहे, तो बदलत नाही. पाचव्यातले आकडे थेट मुद्रणावरून मोजले आहेत, चौथ्यातल्या उदाहरणांवरून नाहीत.'

"पहिल्या ओळीत काय लिहिलंस?" सरांनी विचारलं.

तिनं वाचून दाखवलं : "'शुद्धलेखन तपासताना माझ्या शिक्षकांनी अवतरणांतली क्रियापदं प्रमाण केली. मी अंतिम प्रत मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघितली नाही, ही माझी चूक.'"

"'शिक्षकांनी' हे राहू दे का? नुसतं 'मुद्रणदोष' म्हटलं तर..."

"मुद्रणदोष आपोआप होतो, सर. हे कुणीतरी केलंय." मग जरा थांबून, "नाव घालत नाही. पण माणूस घालणार."

गुरुवारी अकरा वाजता विभागाच्या सभागृहात व्हायवा. खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. सर मागच्या रांगेत बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, मंगलबाईंना बरोबर घेऊन. परीक्षक महाराष्ट्रातनं आलेले, बारीक अंगाचे, शांत गृहस्थ. त्यांच्यापुढं काळी प्रत, तिला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. सर लांबूनच चिठ्ठ्या मोजत होते. चौथ्या प्रकरणाच्या जागी त्या दाट होत्या.

सुवर्णानं सादरीकरण केलं. तिची सहा पानं टेबलावर पालथी ठेवलेली होती. तिनं ती उलटून बघितली नाहीत. प्रश्न सुरू झाले. शहापूर-वडगावच का, याचं उत्तर दिलं. आईबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाली, "निवेदक सात वगळून पुन्हा मोजलं. उरलेल्या दहाजणींचाही निष्कर्ष तोच येतो. पान १४६ची तळटीप." परीक्षकांनी पान उघडून बघितलं.

मग त्यांनी दुरुस्तीपत्रक हातात घेतलं. "हे मला सकाळी मिळालं. मी अहवालात विचारलं होतं तेच. सांगा."

तिनं चार ओळी सांगितल्या. काय झालं, कसं कळलं, कसं तपासलं, परिणाम काय. 'माझ्या शिक्षकांनी' हे शब्द आले तेव्हा सरांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघितलं. मंगलबाईंनी त्यांच्याकडं.

"मुद्रणं आहेत?"

"आहेत."

"एखादं ऐकवा. हे, पान ९८."

तिनं लॅपटॉपवर फाईल लावली. सभागृहात एकदम मागाचा खडखडाट भरला, आणि त्यातून जयाबाईंचा आवाज : 'मी पहाटंपासनं कांड्या भरतो.' परीक्षकांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी तीन, स्वतः निवडून. त्यातलं एक निवेदक एकोणतीसचं होतं. 'करते'. त्यांनी तक्त्यात बोट फिरवलं. तिथंही 'करते'च होतं, 'बदल नाही' अशा शेऱ्यासह.

"हे तुम्ही बदललं नाहीत," ते म्हणाले.

"ती तसंच म्हणाली."

चौथ्या प्रकरणावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढून परीक्षकांनी टेबलाच्या कडेला चिकटवल्या.

वीस मिनिटं सगळ्यांना बाहेर बसवलं. मग आत बोलावून अध्यक्षांनी वाचून दाखवलं : पदवीसाठी शिफारस, चौथ्या प्रकरणातली सदतीस वाक्यं दुरुस्त करून तीन आठवड्यांत नवी प्रत द्यावी. टाळ्या वाजल्या. नीलम मॅडमनी पेढे वाटले. मंगलबाई सुवर्णाला म्हणाल्या, "लई बरं वाटलं बघ मला. मी रडलो की," आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं सुधारून दाखवावंच.

सर गर्दी पांगेपर्यंत थांबले. बाहेर पायऱ्यांवर सुवर्णा पिशवीत कागद भरत होती. त्यांना तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. करता येण्यासारखं त्यांच्याकडं एकच होतं.

"ती नवी प्रत," ते म्हणाले, "छापायला द्यायच्या आधी एकदा माझ्या नजरेखालून घालू या का? नुसतं ऱ्हस्व-दीर्घ बघतो."

सुवर्णानं पिशवीची चेन ओढली.

"नको सर, मीच बघतो."